एकोणतीस रुपयांचा पिन

साताऱ्यात आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. त्यांचं रंग आणि हार्डवेअरचं छोटं दुकान आहे. दुकानाचा हिशेब ते अजून वहीत लिहितात आणि बँकेचं पासबुक महिन्या-दोन महिन्यांनी छापून आणतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या स्कूटरच्या कर्जाचा हप्ता परत गेला. हप्ता ३,१४० रुपयांचा होता आणि ५ तारखेला खात्यात होते ३,०१३. फक्त १२७ रुपये कमी पडले. त्याबद्दल बँकेने २५० रुपये आणि त्यावरचा जीएसटी धरून २९५ रुपये कापले. कर्ज देणाऱ्या कंपनीचा दंड वेगळा लागला. सात-आठ वर्षांत त्यांचा एकही हप्ता चुकला नव्हता. म्हणून ते पासबुक घेऊन दुकानाच्या गल्ल्यावर बसले आणि एकेक ओळ वाचू लागले.

३ एप्रिलला १९९ रुपये गेलेले दिसले. कशाचे ते आठवेना. वर गेले तर ३ मार्चलाही १९९. ३ फेब्रुवारी, ३ जानेवारी, असं मागे जात जात गेल्या जुलैपर्यंत दर महिन्याला एकच तारीख आणि एकच रक्कम. एकूण दहा नोंदी. ३ तारखेला ते १९९ गेले नसते, तर खात्यात ३,२१२ राहिले असते आणि हप्ता बिनबोभाट गेला असता.

पासबुकाच्या नोंदीतून माणसाला काय कळतं, हे इथे नीट पाहिलं पाहिजे, कारण पुढचा सगळा मनस्ताप तिथूनच सुरू झाला. ओळीच्या सुरुवातीला यूपीआय असं होतं, मग बारा आकडी संदर्भ क्रमांक, आणि पुढे पैसे घेणाऱ्याचं नाव जागा पुरेल तेवढं छापून अर्ध्यात तुटलेलं. त्या तुटक्या नावावरून दुकान कुठलं, माल कुठला, काहीच उमगत नव्हतं. आपण स्वतः पैसे देतो तेव्हा तारखा पुढेमागे होतात आणि रकमा बदलतात. दूधवाल्यालासुद्धा सलग दहा महिने त्याच तारखेला तेवढेच पैसे जात नाहीत. तारीख आणि रक्कम अशी पक्की असेल, तर पैसे कोणी माणूस पाठवत नाही, कुठेतरी दिलेल्या कायमच्या परवानगीवर ते आपोआप निघतात. ही खूण ओळखता आली असती, तर पुढचे चार दिवस वेगळे गेले असते.

त्यांना ती ओळखता आली नाही. त्यांच्या मनात पहिला संशय आला तो दुकानातल्या मदतनिसाचा. तो सहा वर्षं त्यांच्याकडे काम करतो. मालक गिऱ्हाइकात अडकले की व्यापाऱ्याला पैसे पाठवण्यासाठी फोन त्याच्या हातात जातो आणि पिन मालक सांगतात. (हे करू नये, हे त्यांनाही माहीत होतं. पण छोट्या दुकानात चार माणसांची कामं दोघं करतात, तिथे असंच चालतं.) त्यांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो काही बोलला नाही. ‘आण्णा, तुम्ही बँकेत विचारा’ एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही.

बँकेत गेले तेव्हा खिडकीवरच्या मुलीने संगणकावर नोंद उघडून सांगितलं, की ही फसवणूक दिसत नाही, ही ऑटोपेची वसुली आहे आणि तिची परवानगी तुमच्याच पिनने दिलेली आहे. तिचं म्हणणं बरोबर होतं. आपली काही चूक नसताना कुणी तिऱ्हाइताने खात्यातून पैसे काढले, तर तीन कामाच्या दिवसांच्या आत कळवल्यावर तोटा ग्राहकावर पडत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. पण खातेदाराने स्वतः पिन टाकून दिलेल्या परवानगीला तो लागू होत नाही. १९३० या सायबर क्रमांकावर तक्रार करूनही उपयोग नव्हता, कारण चोर कोणी नव्हताच.

ऑटोपे म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. एरवी यूपीआयचा पिन टाकला की एक रक्कम एकदा जाते. ऑटोपेत तोच पिन एका परवानगीवर टाकला जातो: अमक्याने माझ्या खात्यातून दर महिन्याला अमुक रकमेपर्यंत पैसे घ्यावेत, अमक्या तारखेपर्यंत. या परवानगीला मँडेट म्हणतात. जुलै २०२० पासून यूपीआयवर ही सोय आहे. पुढच्या प्रत्येक वसुलीला पिन लागत नाही. पिनशिवाय वसूल करता येणाऱ्या रकमेची मर्यादा आधी २,००० रुपये होती, मग ५,००० झाली आणि जून २०२२ पासून बहुतेक कारणांसाठी ती १५,००० आहे. विजेचं बिल, विम्याचा हप्ता, मोबाइलचं रिचार्ज यांच्यासाठी ही सोय खरोखर चांगली आहे. हप्त्याची तारीख विसरून दंड भरणाऱ्या कितीतरी लोकांचे पैसे तिने वाचवले असतील.

बँकेतून परत आल्यावर त्यांनी आपल्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी उघडली. ती रिकामी होती. गेल्या वर्षी ते दुसरं ॲप वापरत असत. ते फोनमध्ये अजून होतं, पण त्याच्या सूचना बंद करून ठेवलेल्या होत्या. तिथल्या यादीत मँडेट सापडलं. रक्कम १९९ पर्यंत, दर महिन्याला, सुरुवात गेल्या वर्षीच्या ३ जूनला, आणि शेवटची तारीख तीस वर्षांनंतरची. घेणाऱ्याचं नाव या वेळी पूर्ण दिसलं. ते फोनमधल्या ॲपच्या दुकानाचं होतं. त्या दुकानात लाखो वस्तू विकल्या जातात, त्यातली कुठली, हे मँडेटवर नव्हतं.

मग त्यांनी फोनमध्ये त्या दुकानाचं खातं उघडून वर्गणींची यादी पाहिली. तिथेही काही नाही. इथे बहुतेक माणसं हात टेकतात. त्यांनीही टेकले असते, पण बायकोने आठवण करून दिली की घरात टॅबही आहे. करोनाच्या काळात मोठ्या मुलाच्या ऑनलाइन शाळेसाठी तो घेतला होता आणि त्यासाठी वेगळा ईमेल उघडला होता. आता तो टॅब धाकटीकडे असतो. वर्गणी फोनला किंवा बँक खात्याला बांधलेली नसते, ती त्या ईमेलच्या खात्याला बांधलेली असते. पैसे एका खात्यातून जातात आणि वर्गणी दुसऱ्याच्या नावावर दिसते. टॅबवरचं दुकान उघडल्याबरोबर ओळ समोर आली. एका खेळाचा मासिक पास, चालू, पुढची वसुली ३ मे. त्या ईमेलमध्ये अकरा पावत्या न वाचता पडून होत्या. पहिली ३ जूनची होती, २९ रुपयांची.

२९ चा आकडा पाहिला आणि त्यांना ती संध्याकाळ आठवली. शाळेला सुट्टी होती, दुकानात पावसाळ्याआधीची गर्दी होती, गळती थांबवायच्या रसायनाचे डबे बाहेरपर्यंत रचलेले होते. धाकटी टॅब घेऊन आली होती. तेव्हा ती दहा वर्षांची होती. खेळात तिचं एक बेट आहे, त्यावर ती घरं बांधते, आणि पास घेतला की रोज वीस हिरे मिळतात, असं ती सांगत होती. ‘पप्पा, फक्त एकोणतीस रुपये. मी माझ्या खाऊच्या पैशातले देते.’ टॅबवरून मागणी फोनवर आली, त्यांनी एका हाताने डबा धरून दुसऱ्या हाताने पिन टाकला. मुलीने खरंच दुसऱ्या दिवशी दहा-दहाच्या दोन नोटा आणि नाणी आणून दिली होती.

मदतनिसावर संशय घेतला, बँकेला दोष दिला, आणि पिन टाकणारा हात आपलाच होता, हे त्यांना फार लागलं. आमच्याशी बोलताना ते पुन्हा पुन्हा तिथेच येत होते. पण आम्हाला वाटतं, त्यांनी स्वतःला जितका दोष दिला तितका त्यांचा नव्हता. त्यांनी २९ रुपयांना होकार दिला होता, पिनही त्यासाठीच टाकला होता. त्याच पिनने तीस वर्षांची परवानगी जाते आहे, हे पडद्यावर लिहिलेलं होतं, नाही असं नाही. मुलीने नंतर त्यांना तो पडदा दाखवला, कारण खेळ तोच देकार पुन्हा पुन्हा पुढे करतो. ठळक अक्षरात २९, आणि खाली बारीक, फिकट अक्षरात `then ₹199/month`. मुलगी मराठी शाळेत शिकते. ‘देन’ आणि ‘मंथ’ तिला वाचता आलं. तिरप्या रेघेचा अर्थ ‘दर’ असा होतो, हे तिला माहीत नव्हतं.

आणखी एक गोष्ट या घरात घडली, ती कितीतरी घरांत घडत असेल. ऑक्टोबरात सहामाही परीक्षेच्या आधी वडिलांनी रागावून तो खेळ टॅबवरून काढून टाकला होता. मुलगी दोन दिवस रडली आणि मग विसरली. बेट गेलं, म्हणजे पासही गेला, अशी दोघांची समजूत. पण खेळ काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. वर्गणी दुकानाच्या नोंदीत असते, टॅबवर नसते. नोव्हेंबर ते एप्रिल या सहा महिन्यांत १,१९४ रुपये गेले, एका अशा खेळासाठी, जो घरात नव्हताच. तो पास असा की त्याचे हिरे रोज खेळ उघडून उचलावे लागतात, नाहीतर त्या दिवसाचे बुडतात. म्हणजे सहा महिन्यांत एकही हिरा कुणी उचलला नाही, हे खेळवाल्याच्या संगणकाला नेमकं माहीत होतं. वसुली थांबवावी किंवा निदान एकदा विचारावं, असं त्यावरून कुणाला वाटलं नाही.

वसुलीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यात घेणाऱ्याचं नाव, रक्कम, तारीख, संदर्भ क्रमांक आणि वसुलीचं कारण असावं लागतं. सूचना जात होत्या. जुन्या ॲपच्या पेटीत त्या सापडल्या. नाव दुकानाचं आणि कारणाच्या जागी ‘मासिक मँडेट’. ही सूचना त्यांनी वाचली असती तरी त्यांना काय कळलं असतं? त्याच दुकानातून ते फोनची साठवण वाढवून घेण्याचे पैसेही अधूनमधून देतात. त्यांना वाटलं असतं, ते हेच. किराणा दुकानदार महिन्याच्या बिलावर नुसतं ‘बाजार, १९९’ असं लिहून देत नाही, डाळ की तेल ते लिहितो. खेळाचं नाव आणि ज्या ईमेलवर तो घेतला ते ईमेल, एवढ्या दोन गोष्टी त्या सूचनेत असत्या, तर जुलैतच प्रश्न सुटला असता. दोन्ही गोष्टी दुकानाकडे आहेत. ईमेलच्या पावतीत त्या छापलेल्याच होत्या.

वर्गणी बंद करताना त्यांनी आधी चूक केली, ती इतरांनी करू नये म्हणून सांगतो. त्यांनी थेट यूपीआय ॲपमध्ये जाऊन मँडेट रद्द केलं. त्याने या खात्यातून पैसे जाणं थांबतं, पण दुकानाच्या लेखी वर्गणी चालूच असते. दुकानात दुसरं कार्ड नोंदवलेलं असेल, तर वसुली त्यावर वळू शकते. त्यांच्या टॅबवर मुलाच्या शिकवणीसाठी एकदा वापरलेलं डेबिट कार्ड नोंदलेलं होतंच. आधी दुकानात वर्गणी रद्द करायची, रद्द झाल्याचा ईमेल आला का पाहायचं, मग मँडेट रद्द करायचं आणि शेवटी नोंदवलेली कार्डं काढून टाकायची, हा क्रम बरोबर. मँडेट रद्द करायलाही पिन लागतो, त्याने घाबरू नये. पैसे परत मागितले तेव्हा शेवटच्या महिन्याचे १९९ मिळाले. आधीच्या १,८२० रुपयांबद्दल उत्तर आलं, की मुदत उलटून गेली.

मुलांच्या खेळांतल्या वसुलीचा हा प्रश्न आपल्याकडेच उपटलेला नाही. अमेरिकेत ॲपल कंपनीला जानेवारी २०१४ मध्ये ग्राहकांना किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करण्याचं मान्य करावं लागलं, ते याच कारणाने. पालकाने एकदा पासवर्ड टाकला की पुढची पंधरा मिनिटं मूल खेळात कितीही खरेदी करू शकत असे, आणि पासवर्ड टाकण्याने ही पंधरा मिनिटं उघडतात हे पालकाला सांगितलेलं नव्हतं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने हा मुद्दा धरला: होकार कशाला दिला आणि तो वापरला कशासाठी. पंधरा मिनिटांच्या न सांगितलेल्या मुभेबद्दल तिकडे एवढी रक्कम परत करावी लागली. आपल्याकडे एका पिनने तीस वर्षांची मुभा जाते आणि बारीक अक्षरात का होईना, लिहिलेलं असल्यामुळे ती नियमात बसते.

आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या तेरा प्रकारांत वर्गणीचा सापळा हा एक आहे. रद्द करणं अवघड करणं किंवा रद्द करण्याची जागा लपवणं त्यात येतं. मोफत वर्गणीसाठी आपोआप वसुलीची परवानगी द्यायला भाग पाडणंही येतं. पण इथे पहिला महिना मोफत नव्हता, २९ रुपयांचा होता. रद्द करण्याची जागा लपवलेली नव्हती, ती दुसऱ्या ईमेलमध्ये होती. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर त्यांनी तक्रार नोंदवली आहे आणि ती नोंदवणं योग्यच आहे. तरी त्या तत्त्वांच्या शब्दांत हे प्रकरण कसं बसवायचं, हे आम्हालाही नीट सांगता येत नाही.

म्हणून आमची मागणी रिझर्व्ह बँकेकडे आहे आणि ती छोटी आहे. मँडेटला मुदत असली पाहिजे हे नियमात आहेच, पण तीस वर्षं म्हणजे मुदत नव्हे. विजेचं बिल आणि विमा यांची मुदत लांब असायला हरकत नाही, ती गरज माणसाला तेवढी वर्षं असते. खेळांच्या वर्गणीचं मँडेट मात्र बारा महिन्यांनी आपोआप संपावं. पुढे चालू ठेवायचं असेल त्याने पुन्हा पिन टाकावा. दहा वर्षांचं मूल बाराव्या वर्षी तो खेळ खेळत नसतं. आणि पहिला महिना स्वस्त असेल तेव्हा पिन टाकायच्या पडद्यावर सवलतीची नव्हे, दर महिन्याची रक्कम मोठ्या अक्षरात असावी, फोनची भाषा मराठी असेल तर मराठीत. यात कुणाचा धंदा बुडत नाही. ज्याला पास हवा आहे तो १९९ वाचूनही घेईलच.

खेळवाल्यांचं उत्पन्न यातून घटेल, असं कुणी म्हणेल. घटेलही. पण जे पैसे विसरलेल्या माणसाकडून येत होते तेवढेच घटतील.

त्या घरात आता महिन्याच्या पहिल्या रविवारी जेवणानंतर दोन्ही ॲपमधल्या ऑटोपेच्या याद्या उघडून पाहतात. याद्या मुलगी वाचून दाखवते. पहिल्याच रविवारी तिने आणखी एक नोंद शोधली. मोठ्या मुलाने परीक्षेच्या सरावासाठी घेतलेल्या ॲपची होती, महिना ९९. परीक्षा होऊन चार महिने झाले होते. तीही बंद केली.

मदतनीस तिसऱ्या दिवशी कामावर आला होता. खरं काय ते कळल्यावर वडिलांनी मुलीला दुकानात बोलावून घेतलं, टॅबवरच्या अकरा पावत्या त्याच्यासमोर उघडल्या आणि तिच्यादेखत त्याची माफी मागितली. त्याने पावत्या एकेक करून खालपर्यंत पाहिल्या. मग म्हणाला, ‘आण्णा, माझ्या फोनमध्येपण हे कुठं असतं ते दाखवा. माझा पोरगापण खेळतो.’